जाहिरात पूर्ण पाहिली, मग नाणी कुठे गेली?

*मी असल्फाला राहते, ऑफिस फोर्टला आहे. मरोळ नाक्याला मेट्रो बदलून हुतात्मा चौकापर्यंत जाते आणि वाटेत मोबाइलवर ठोकळे जुळवायचा एक फुकटातला गेम खेळते. त्यात ‘व्हिडिओ पाहा, 50 नाणी मिळवा’ असं बटण असतं. मी जाहिरात शेवटपर्यंत पाहते, तरी कितीदा तरी नाणी येतच नाहीत. एकदा तर सकाळची नाणी रात्री घरी गेम उघडल्यावर आली. कधी ते बटणच गायब असतं. मुलगा म्हणतो, जाहिरातीतला गेम इंस्टॉल केला नाही तर त्यांना पैसे मिळत नाहीत, म्हणून ते आपली नाणी दाबून ठेवतात. खरं काय आहे? आणि गेलेली नाणी मागायची कुणाकडे?*

*– एक मेट्रोकर, असल्फा*

ताई,

मुलाचं अर्धं म्हणणं खरं आहे. जाहिरात देणारी कंपनी बहुतेक वेळा इंस्टॉल झाला तरच पैसे मोजते, हे त्यानं बरोबर ओळखलं. पण तुमची नाणी ती कंपनी देतच नाही. नाणी देतो तुमचा ठोकळ्यांचा गेम, आणि त्याची अट एवढीच असते की व्हिडिओ ठरलेल्या वेळेपर्यंत चालला पाहिजे. तुम्ही इंस्टॉल करा, नका करू, जाहिरातीवर बोट ठेवा, नका ठेवू, नाण्यांना त्याचं सोयरसुतक नाही. आवाज बंद करून पाहिली तरी चालते, आणि भरलेल्या डब्यात तेवढी कृपा सगळ्यांनीच करावी. फक्त मधेच व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन आलात तर व्हिडिओ थांबतो आणि परतल्यावर उरलेला पाहावा लागतो.

मी काही वर्षं अंधेरीतल्या एका गेम कंपनीत जाहिरातींचं काम पाहिलंय आणि अशा तक्रारींच्या मेल्स रोज वाचल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकांमध्ये कुणी नाणी दाबलेली नव्हती. ‘हिनं व्हिडिओ पूर्ण पाहिला’ हा निरोप वाटेत कुठेतरी अडकलेला असायचा. तुमच्या पत्रात तर तो कुठे अडकतो याचा पत्ताच आहे: मरोळ नाका.

सुरुवात थोडी आधीपासून करू, कारण खरी गंमत बटण दाबण्याआधीच होऊन गेलेली असते.

तुम्ही गेम उघडता तेव्हा त्याच्या पोटात जाहिरात कंपन्यांचे छोटे प्रोग्रॅम बसवलेले असतात. गूगलचं अ‍ॅडमॉब, युनिटी अ‍ॅड्स, अ‍ॅपलोव्हिन, बंगळुरूची इनमोबी अशी ही मंडळी. यांनाच अ‍ॅड नेटवर्क म्हणतात. एकाच गेममध्ये यांतली चार-पाच सहज सापडतात, आणि त्यांच्यावर मुकादमासारखा एक प्रोग्रॅम असतो, त्याला मीडिएशन म्हणतात. गेम सुरू झाला की मीडिएशन पुकारा करतं: मुंबईतला एक अँड्रॉइड फोन, ठोकळ्यांचा गेम, रिवॉर्डेड व्हिडिओची, म्हणजे पाहिल्यावर बक्षीस देणाऱ्या जाहिरातीची, एक जागा आहे, बोला. नेटवर्क्स आपापल्या जाहिरातदारांच्या वतीनं बोली लावतात. ससून डॉकला पहाटे मासळीचा लिलाव होतो तसा हा लिलाव, फक्त डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतो. ज्याची बोली वरची, त्याचा व्हिडिओ लगेच तुमच्या फोनवर उतरायला लागतो. पूर्ण उतरला की मगच ते बटण उजळतं.

म्हणजे बटण चमकताना दिसलं की समजायचं, जाहिरात विकली गेलीय आणि फोनमध्ये येऊन बसलीय. तुम्ही ते दाबलं नाहीत तरी व्हिडिओचे काही एमबी तुमच्या डेटामधून गेलेले असतात. ‘मी जाहिराती बघतच नाही, तरी हा गेम नेट खातो’ अशी तक्रार करणाऱ्यांना त्याचं कारण सहसा इथेच सापडतं.

आता तुमची सकाळ घ्या. असल्फाला मेट्रो 1 जमिनीच्या वरून धावते, नेट ठणठणीत. तुम्ही गेम उघडता, व्हिडिओ उतरतो, बटण उजळतं. मरोळ नाक्याला उतरून तुम्ही भुयारी मेट्रो 3 पकडता. दोन डाव खेळता, तिसऱ्यात अडकता, बटण दाबता. बोगद्यात नेट गेलं, तरी जाहिरात झोकात चालते, कारण ती फोनमध्येच आहे. 30 सेकंद संपतात, तुम्ही फुली दाबून परत येता आणि नाण्यांचा आकडा जिथल्या तिथे.

नाणी द्यायच्या दोन पद्धती आहेत, आणि तुमचा गेम कुठली वापरतो यावर हे सगळं अवलंबून आहे. साधी पद्धत अशी: व्हिडिओ पुरा झाला की नेटवर्कचा प्रोग्रॅम फोनमधल्या फोनमध्येच गेमला सांगतो, ‘झालं, दे नाणी’, आणि गेम लगेच देतो. यात नेट असलं काय, नसलं काय. पण या पद्धतीला एक भोक आहे. गेमची फाइल उघडून, तिच्यात फेरफार करून, व्हिडिओ न बघताच ‘झालं’ असं गेमला सांगणारे लोक असतात. ज्या गेममध्ये नाण्यांवर स्पर्धेतले क्रमांक ठरतात तिथे हे परवडत नाही. म्हणून दुसरी पद्धत आली. यात तुमचा फोन नेटवर्कच्या सर्व्हरला कळवतो, तो सर्व्हर गेम कंपनीच्या सर्व्हरला सही-शिक्क्यानिशी निरोप पाठवतो, आणि मग कंपनीचा सर्व्हर तुमच्या खात्यात नाणी टाकतो. त्या निरोपात तुमचा खेळाडू क्रमांक असतो, किती नाणी द्यायची ते असतं आणि व्यवहाराचा एक वेगळा क्रमांक असतो, म्हणजे तोच निरोप दोनदा आला तरी नाणी एकदाच मिळावीत.

तुमचा गेम बहुधा या दुसऱ्या पद्धतीचा आहे. बोगद्यात पहिली पायरीच अडली: फोनला सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही. निरोप फोनमध्ये पडून राहिला आणि नेट नीट मिळालं तेव्हा पुढे गेला. तुमची सकाळची नाणी रात्री आली ती अशी. ज्या दिवशी आलीच नाहीत, त्या दिवशी निरोप पुढे जायच्या आत गेम पूर्ण बंद झाला असणार, किंवा पुन्हा प्रयत्न करायची सोयच त्या गेममध्ये नीट केलेली नसणार. शहाण्या कंपन्या छोटं बक्षीस आधी देऊन टाकतात आणि पडताळणी मागाहून करतात. 50 नाण्यांसाठी माणसाला तिष्ठत ठेवणं हा माझ्या मते आळशीपणा आहे. पण तो आळशीपणाच, लबाडी नव्हे.

ताडून बघणं सोपं आहे. घरी वायफायवर आठवडाभर हेच बटण वापरून बघा. तिथे दर वेळी नाणी येत असतील आणि प्रवासातच बुडत असतील, तर दोष बोगद्याचा. तसं असेल तर भुयारी स्टेशनांच्या दरम्यान ते बटण दाबूच नका. डाव खेळा खुशाल, जाहिरात मात्र वर आल्यावर बघा.

घरीही नाणी बुडत असतील तर मात्र दुसरीकडे बघावं लागेल, आणि त्यात पहिला संशय फोनवर घ्यायचा. जाहिरातीच्या शेवटी कधी बोट चुकून लागतं, कधी न लागताही, आणि आपण थेट प्ले स्टोअरवर जाऊन पडतो. आपण मागे येतो. आता नीट बघा, परत आल्यावर काय दिसतं? जाहिरातीचा शेवटचा पडदा दिसला तर सगळं ठीक आहे. पण गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, कंपनीचा लोगो, मग ‘लोड होत आहे’ची पट्टी, तर समजा की अँड्रॉइडनं मधल्या वेळात गेम बंद करून टाकला होता. कमी रॅमच्या फोनमध्ये हे फार होतं. गेम मोठा, त्यावर व्हिडिओ, त्यावर प्ले स्टोअर. फोन जागा करायला जातो आणि मागे राहिलेल्या गेमचा बळी देतो. साध्या पद्धतीच्या गेममध्ये ‘झालं’ हे ऐकायला मग कुणी उरलेलंच नसतं. जाहिरात पाहायच्या आधी मागे उघडी असलेली अ‍ॅप बंद करून ठेवली की हे बरंच कमी होतं.

तिसरी जागा फुलीची, आणि इथे जाहिरातवाल्यांची लबाडी असते हे मी लपवणार नाही. रिवॉर्डेड व्हिडिओला साधारणपणे दोन टप्पे असतात. आधी व्हिडिओ, त्यावर कोपऱ्यात उलटे आकडे. ते शून्यावर आले की तुमची नाणी पक्की होतात. मग येतो शेवटचा पडदा, ज्याला धंद्यात एंड कार्ड म्हणतात: मोठं ‘इंस्टॉल’ बटण, कधी दोन चाली खेळायला मिळणारा नमुना. त्याला स्वतःची वेगळी फुली असते आणि ती काही सेकंद उशिरानं उगवते. लोक गोंधळतात ते या दोन टप्प्यांच्या मधे. आकडे चालू असताना फुली दाबली तर बहुतेक जाहिराती विचारतात, ‘आत्ता बंद केलंत तर बक्षीस मिळणार नाही, बंद करायचं?’ त्या चौकटीतली दोन बटणं अशी रंगवलेली असतात की घाईत भलतंच दाबलं जातं. काही जाहिरातींत फुली इतकी बारीक असते की बोट शेजारी पडतं आणि प्ले स्टोअर उघडतं. फुलीऐवजी दोन बाण पुढे-पुढे दाखवणारी खूण असेल तर ती बरेचदा पुढच्या पडद्यावर नेते, बाहेर नाही. आकडे शून्य होईपर्यंत पडद्याला हात लावायचा नाही, आणि शेवटच्या पडद्यावर फुली पूर्ण उमटेपर्यंत थांबायचं. अजून काही सेकंद जातात, पण नाणी जात नाहीत.

बटण गायब होण्याचं कोडं यापेक्षा सोपं आहे. पहिला व्हिडिओ बघून झाला की गेम पुढचा मागवतो, आणि बोगद्यात नेट नसलं की तो उतरूच शकत नाही. उतरून बसलेला व्हिडिओसुद्धा कायमचा नसतो. अ‍ॅडमॉबची रिवॉर्डेड जाहिरात उतरल्यापासून तासाभरात वापरली नाही तर बाद होते आणि नवा लिलाव करावा लागतो. कधी लिलावात कुणी बोलीच लावत नाही, कधी गेमनंच दिवसाला इतक्याच असं बंधन घातलेलं असतं. आणि एक कारण घरातलं असू शकतं: मुलानं तुमच्या फोनवर जाहिराती अडवणारं काही बसवून दिलंय का, ते विचारा. खासगी डीएनएस, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणारी वेगळी सेवा, लावून जाहिराती अडवल्या की मधेच उपटणाऱ्या जाहिराती जातात खऱ्या, पण तुम्हाला हव्या असलेल्या या जाहिरातीही त्याच वाटेनं जातात. मग बटण उजळतच नाही, किंवा दाबल्यावर नुसतं गोल-गोल फिरत राहतं.

आता पैशांचं बघू, कारण मुलाच्या संशयाचं मूळ तिथे आहे. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून मी धरलेले आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. समजा, एका ठोकळ्यांच्याच दुसऱ्या गेमची कंपनी प्रत्येक नव्या इंस्टॉलला 20 रुपये द्यायला तयार आहे. एक शेअर बाजाराचं अ‍ॅप 60 रुपये देतंय. वरवर पाहता दुसऱ्याची बोली मोठी. पण नेटवर्ककडे जुना हिशेब असतो. तुमच्यासारख्या 1,000 खेळाडूंना दाखवलं तर ठोकळ्यांचा गेम 6 जण उतरवतात आणि शेअर बाजाराचं अ‍ॅप एखादाच. पहिल्याचे होतात 120 रुपये, दुसऱ्याचे 60. म्हणजे 1,000 वेळा दाखवण्याची किंमत पहिल्याच्या बाबतीत 120 रुपये. या आकड्याला धंद्यात ईसीपीएम म्हणतात, आणि लिलाव याच आकड्यावर जिंकला जातो. तेव्हा तुम्हाला सारख्या ठोकळ्यांच्याच गेमच्या जाहिराती का दिसतात, ते यातून उलगडेल. फोन तुमचं बोलणं चोरून ऐकतोय असं समजायची गरज नाही. तुम्ही ठोकळे खेळता एवढी माहिती त्यांना पुरते.

या हिशेबानं तुमच्या एका जाहिरातीची किंमत झाली 12 पैसे. त्यातला आपला वाटा काढून नेटवर्क उरलेले गेम कंपनीला देतं. आता समजा त्याच गेमच्या दुकानात 1,000 नाणी 90 रुपयांना आहेत. म्हणजे 50 नाण्यांचे झाले साडेचार रुपये. 12 पैशांहून कमी कमवायचे आणि साडेचार रुपयांचा माल द्यायचा, हा धंदा आतबट्ट्याचा वाटेल. पण नाणी छापायला कंपनीला काहीच खर्च येत नाही. तिला हवं असतं ते एवढंच, की तुम्ही अडकून गेम बंद करण्याऐवजी आणखी एक डाव खेळावा आणि थोड्या वेळानं पुन्हा ते बटण दाबावं. बटण नेमकं तुम्ही हरायच्या उंबरठ्यावर असता तेव्हाच पुढे येतं ते यासाठीच. तिथे तुमचा नकार सगळ्यात कमी येतो हे त्यांनी मोजलेलं असतं.

म्हणूनच नाणी दाबून कंपनीला काही साधत नाही. गेम कंपनीचे पैसे बहुतेक वेळा जाहिरात दाखवली तेव्हाच ठरलेले असतात. तुम्ही इंस्टॉल केलं नाहीत तर अंदाज चुकल्याचा तोटा नेटवर्कचा किंवा जाहिरातदाराचा. उलट नाणी न मिळालेली बाई प्ले स्टोअरवर एक तारा देऊन जाते, आणि तो तारा कंपनीला 50 नाण्यांपेक्षा फार महागात पडतो.

मुलगा जे म्हणतो ते एका ठिकाणी मात्र खरं असतं. काही गेममध्ये ‘मोफत नाणी’ नावाची एक यादी असते: अमुक गेम उतरवा, त्यात दहावी पातळी गाठा, 5,000 नाणी मिळवा. याला ऑफरवॉल म्हणतात. तिथे इंस्टॉल हीच अट असते, आणि तुम्ही खरंच तिथपर्यंत पोचलात हे सिद्ध झाल्यावरच नाणी येतात, कधी एक-दोन दिवसांनी. तो व्यवहार वेगळा, 30 सेकंदांच्या व्हिडिओचा वेगळा. आणि ज्या गेममध्ये नाण्यांऐवजी थेट रुपये दाखवतात, ‘500 झाले की काढा’ म्हणतात, आणि मग 480 च्या पुढे आकडा पैशा-पैशानं सरकतो, ते मी तरी ठेवणार नाही. तिथे निरोप हरवलेला नसतो, रचनाच तशी केलेली असते.

फुलीबद्दल नियम काय, हेही सांगतो, कारण त्यात एक मेख आहे. गूगल प्लेच्या धोरणानुसार 2022 च्या सप्टेंबर अखेरपासून, तुम्ही न मागता मधेच आलेली पूर्ण पडद्याची जाहिरात 15 सेकंदांनंतर बंद करता आली पाहिजे, आणि ऐन डाव सुरू होताना ती अनपेक्षितपणे येता कामा नये. पण तुम्ही स्वतः बटण दाबून मागवलेल्या रिवॉर्डेड जाहिरातीला हा नियम लागू नाही. ती 30 सेकंद किंवा त्याहून जास्तही चालू शकते. त्यामुळे तिच्या लांबीबद्दल तक्रार करून उपयोग नाही. न मागितलेली जाहिरात मात्र अडकून बसली तर प्ले स्टोअरवर त्या गेमच्या पानावर वरच्या तीन ठिपक्यांतून तक्रार नोंदवता येते. जाहिरातच फसवी असेल, फुली खोटी असेल, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2023 मध्ये अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांत जाहिरात असूनही जाहिरात न वाटणारी जाहिरात आणि दिशाभूल करणारी बटणं, दोन्ही येतात. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतात. तिथे जायचं तर स्क्रीन रेकॉर्डिंग जवळ हवं. नुसतं ‘फुली सापडत नव्हती’ म्हटल्यानं काही पुढे सरकत नाही.

जाहिराती तुमच्या मागावर असल्यासारख्या वाटतात त्याचा त्रास होत असेल तर फोनच्या Settings मध्ये Google आणि मग Ads उघडा. काही फोनमध्ये हे Privacy खाली असतं. तिथे `Delete advertising ID` असा पर्याय आहे. तो घेतला की जाहिरातवाल्यांना तुमच्या फोनच्या ओळखीच्या जागी नुसती शून्यं दिसतात. जाहिराती कमी होणार नाहीत, नाणीही कमी होणार नाहीत, फक्त त्या जरा भलत्याच विषयांच्या दिसू लागतील.

आता गेलेली नाणी. ती मागायची फक्त गेम कंपनीकडे, कारण तुमचं खातं तिच्याकडे आहे. जाहिरातीतल्या कंपनीला तुम्ही कोण हे माहीतही नसतं, आणि प्ले स्टोअरनं यात काही करायचं नसतं, कारण पैसे दिलेले नाहीत. पण त्याआधी एक करू नका: वैतागून गेम काढून पुन्हा टाकू नका, किंवा त्याचा डेटा पुसू नका. तुम्ही पाहुणी म्हणून, म्हणजे खातं न जोडता खेळत असाल तर आतापर्यंतच्या सगळ्या पातळ्या जातील, आणि फोनमध्ये अडकलेला तो निरोपही जाईल. आधी गेम गूगल खात्याशी जोडून घ्या, मग नेट चांगलं असताना गेम उघडून चार-पाच मिनिटं तसाच राहू द्या. पुष्कळदा नाणी तेवढ्यानंच येतात.

नाही आली, तर गेमच्या सेटिंगमध्ये मदत किंवा सपोर्ट असतं तिथून लिहा. तिथेच खाली बारीक अक्षरांत तुमचा खेळाडू क्रमांक असतो, तो लागतोच. आम्हाला यायच्या त्यांतल्या निम्म्या मेल्समध्ये ‘तुम्ही चोर आहात’ एवढंच असायचं, आणि मनात असूनही त्यांना नाणी देता यायची नाहीत, कारण नोंदीत शोधायचं कुणाला हेच कळत नसे. नोंद सापडते ती क्रमांक आणि वेळेवरून. जाहिरात कुठल्या गेमची होती हे लिहिलंत तर कुठल्या नेटवर्कचा घोळ आहे तेही त्यांना कळतं. असं काहीसं लिहा, मराठीत नाही तर इंग्रजीत:

“माझा खेळाडू क्रमांक अमुक. मंगळवारी सकाळी 9:40 च्या सुमारास 50 नाण्यांसाठी व्हिडिओ पूर्ण पाहिला, आकडे शून्य झाल्यावर बंद केला. जाहिरात शेती करायच्या एका गेमची होती. त्या वेळी मी भुयारी मेट्रोत होते, नेट जात-येत होतं. गेम मधे बंद पडून पहिल्यापासून सुरू झालेला नव्हता. नाणी अजून आलेली नाहीत. फोन अमुक कंपनीचा, अँड्रॉइड 13.”

शेवटच्या पडद्याचा स्क्रीनशॉट असेल तर जोडा. फोन नंबर, आधार किंवा ओटीपी कुणी मागितला तर देऊ नका. 50 नाण्यांसाठी त्यातलं काहीच लागत नाही. आणि कंपनीनं ‘ही नाणी सदिच्छा म्हणून देत आहोत’ असं लिहून 50 च्या जागी 200 पाठवली, तर संकोच न करता घ्या. आम्हीही तेच करायचो.